अवघड सुडोकू अडकलं की पुढं काय: जोडी, एक्स-विंग आणि साखळी, एकाच कोड्यावर करून पाहू

आमच्याकडं पेपर दुपारच्या एसटीनं येतो आणि तो आला की सुडोकूचं पान आधी कोणी घ्यायचं यावरून घरात खेचाखेची असते. सोपी कोडी सगळेच सोडवतात, पण शनिवार-रविवारचं अवघड कोडं अर्ध्यावर आलं की पेन्सिल थांबते. पुतण्या पान घेऊन येतो आन् म्हणतो, "काका, हे पाय ना, आता कोणत्याच घरात एक आकडा पक्का बसत नाई, मंग अंदाजानं टाकू का?" तर नाही, अंदाजानं टाकायचं नाही. पेपरातल्या कोड्याला एकच उत्तर असतं आणि तिथवर जायला कारणांचा रस्ता असतो, तो दिसत नाही म्हणून आपण अंदाजावर येतो.

मी इथं एकच कोडं घेतो आणि त्याच्यावरच जोडी, एक्स-विंग आणि साखळी तिन्ही करून दाखवतो. वेगवेगळी उदाहरणं घेतली की वाचताना समजतं पण आपल्या पेपरातल्या कोड्यावर हात चालत नाही. कागद-पेन्सिल घ्या आणि हे उतरवून घ्या. सोप्या पद्धतीनं जेवढं सुटतं तेवढं यात सुटलेलं आहे, 46 घरं भरली आहेत, 35 रिकामी आहेत, आणि इथंच ते अडकतं.

```
३ . ४ | . . ६ | ८ ७ .
. . . | . ८ ७ | . ४ .
८ . ७ | ९ ४ ३ | . २ १
------+-------+------
१ ८ ६ | ४ . . | . . .
४ . ३ | ७ ६ ९ | . १ ८
९ ७ . | . १ ८ | ४ . ६
------+-------+------
. ४ ८ | . ७ . | १ . .
७ . ९ | ६ . १ | . ८ ४
. . १ | ८ ९ ४ | . . .
```

एक गोष्ट आधीच सांगतो, भरलेली घरं जास्त म्हणजे कोडं सोपं असं नसतं. एकच उत्तर निघायला सुरुवातीला कमीत कमी 17 आकडे लागतात हे 2012 मध्ये कॉम्प्युटरवर सगळ्या शक्यता तपासून सिद्ध झालंय, पण 17 आकड्यांचं कोडंही कधी कधी सरळ सुटतं आणि इथं 46 भरलेले असून पुढं जाता येत नाही. अवघडपणा ठरतो तो पुढचा आकडा शोधायला कोणती युक्ती लागते यावर.

घराचा पत्ता मी असा लिहितो: आ३-उ२ म्हणजे वरून तिसरी आडवी ओळ आणि डावीकडून दुसरी उभी ओळ. तीन बाय तीनच्या खणाला चौकोन म्हणतो, डावीकडून उजवीकडं आणि वरून खाली पहिला ते नववा.

आधी बारीक आकडे, आणि पूर्ण

अवघड कोड्यात रिकाम्या प्रत्येक घरात बसू शकणारे सगळे आकडे बारीक अक्षरात लिहावेच लागतात, डोक्यात ठेवून होत नाही. आ२-उ१ घ्या. दुसऱ्या आडव्या ओळीत ८, ७, ४ आहेत, पहिल्या उभ्या ओळीत ३, ८, १, ४, ९, ७ आहेत, आणि पहिल्या चौकोनात ३, ४, ८, ७. हे सगळे काढले की उरतात २, ५, ६. तेवढे तिन्ही लिहायचे. असं पस्तीसच्या पस्तीस घरात करायचं, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि कंटाळा येतो हे खरं, पण पुढचं सगळं याच आकड्यांवर उभं आहे. एक जरी बारीक आकडा लिहायचा राहिला तर पुढं नसलेला एक्स-विंग दिसतो, ते खाली दाखवतोच. आणि जे लोक काही घरात लिहितात, काही घरात "हे नंतर पाहू" म्हणून सोडतात त्यांचं कोडं तर हमखास बिघडतं, कारण रिकामं घर म्हणजे शक्यता नाही की लिहायचं राहिलं हेच नंतर कळत नाही.

लिहून झालं की एकदा नजर टाका, या कोड्यात एकाही घरात एकटा आकडा दिसणार नाही. सगळीकडं दोन, तीन, चार, पाच. म्हणून आता दोनवाल्या जागा शोधायच्या. या लेखातल्या सगळ्या युक्त्या एकाच गोष्टीवर चालतात ती म्हणजे "दोनच". एका घरात दोनच आकडे, नाहीतर एका ओळीत एका आकड्याला दोनच जागा. जिथं दोनच आहेत तिथं एक नाही तर दुसरा नक्की, आणि या "नक्की"वरच सगळं पुढं सरकतं.

जोडी: उघडी आणि लपलेली

उघडी जोडी सोपी. एकाच ओळीत किंवा एकाच चौकोनात दोन घरं अशी की दोन्हीत तेच दोन आकडे आणि तिसरा काहीच नाही. मग ते दोन आकडे त्या दोन घरातच जाणार, त्या ओळीतल्या बाकी घरातून ते खोडायचे. या कोड्यात २-५ची उघडी जोडी चार-पाच ठिकाणी दिसेल. आ५-उ२ आणि आ५-उ७, दोन्हीत २-५. तिसऱ्या उभ्या ओळीत आ२-उ३ आणि आ६-उ३, परत २-५. पोरं हे पाहून खुश होतात, पण खोडायला काय आहे ते पाहा. पाचव्या आडव्या ओळीत ती दोनच घरं रिकामी आहेत, तिसऱ्या उभ्या ओळीतही दोनच. म्हणजे जोडी खरी आहे पण तिच्यातून मिळत काहीच नाही. जोडी दिसली की लगेच विचारायचं, या ओळीत तिसरं रिकामं घर आहे का आणि त्यात यातला आकडा आहे का. नसेल तर पुढं चला, पण जोडी कुठं आहे ते लक्षात ठेवा, साखळीला ती लागणार आहे.

खरं काम लपलेली जोडी करते आणि तीच लोकांना दिसत नाही, कारण तिच्या घरात बाकी आकड्यांची गर्दी असते. पहिला चौकोन पाहा, वरचा डावीकडचा. तिथं १, २, ५, ६, ९ बसायचे राहिलेत आणि पाच घरं रिकामी आहेत:

```
आ१-उ२ : १ २ ५ ९
आ२-उ१ : २ ५ ६
आ२-उ२ : १ २ ५ ६ ९
आ२-उ३ : २ ५
आ३-उ२ : ५ ६
```

घराकडं पाहिलं तर काही सुचत नाही. आता घर सोडा आणि आकड्याकडून पाहा. या चौकोनात १ कुठं कुठं बसू शकतो? आ१-उ२ आणि आ२-उ२, दोनच. ९ कुठं? तीच दोन घरं. म्हणजे या दोन घरात १ आणि ९च जाणार, कोणत्यात कोणता ते माहीत नाही, पण तिसऱ्या आकड्याला तिथं जागाच उरत नाही. आ१-उ२ मधून २ आणि ५ खोडा, आ२-उ२ मधून २, ५, ६ खोडा. दोन्हीत फक्त १-९ उरले.

खोडल्यावर थांबू नका, जिथं खोडलं त्या ओळी परत पाहा, ही सवय फार कामाची आहे. पहिल्या आडव्या ओळीत २ला आता किती जागा राहिल्या? आधी आ१-उ२ मध्ये होता, तो गेला. उरल्या आ१-उ४ आणि आ१-उ५, आणि दोन्ही दुसऱ्या चौकोनात आहेत. म्हणजे पहिल्या ओळीचा २ दुसऱ्या चौकोनातच पडणार, आणि त्या चौकोनात २ एकदाच येतो, तर त्याच चौकोनातल्या आ२-उ४ मध्ये २ राहू शकत नाही. तिथं १, २, ५ होते, आता १-५ राहिले. एका लपलेल्या जोडीतून सहा बारीक आकडे गेले आणि अजून पक्का आकडा एकही आला नाही. अवघड कोडं असंच सुटतं, आधी नुसतं खोडत जायचं, आकडा शेवटी येतो.

लपलेली जोडी शोधायची माझी पद्धत अशी की प्रत्येक चौकोनात जो आकडा दोनच घरात आहे त्याच्यावर बारीक टिंब द्यायचं. दोन वेगळ्या आकड्यांची टिंबं त्याच दोन घरात पडली की जोडी सापडली. चौकोन झाले की मग ओळी.

एक्स-विंग

आता एक आकडा धरून पूर्ण कोडं पाहायचं. कोणता धरायचा? जो जास्तीत जास्त घरात बारीक लिहिलेला दिसतो आणि पक्का कमी ठिकाणी बसलाय तो. या कोड्यात ५ एकदाही पक्का बसलेला नाही, तर ५च धरू.

आडव्या ओळी एकेक करून मोजायच्या, ५ किती घरात आहे. पहिलीत तीन जागा. दुसरीत पाच. तिसरीत दोन: आ३-उ२ आणि आ३-उ७. चौथीत पाच. पाचवीत दोन: आ५-उ२ आणि आ५-उ७. सहावीत तीन, सातवीत पाच, आठवीत तीन, नववीत पाच. दोनच जागा असणाऱ्या दोन ओळी मिळाल्या, तिसरी आणि पाचवी, आणि दोघींच्याही जागा त्याच उभ्या ओळीत पडतात, दुसरी आणि सातवी. चार घरं मिळून आयत झाला, कर्ण जोडले की इंग्रजी एक्स अक्षर दिसतं म्हणून नाव एक्स-विंग.

याच्यातून काय निघतं ते सावकाश पाहा. तिसऱ्या ओळीचा ५ दुसऱ्या उभ्या ओळीत पडला तर पाचव्या ओळीचा ५ तिथं पडू शकत नाही, तो सातव्या उभ्या ओळीत जाणार. तिसऱ्या ओळीचा ५ सातव्या उभ्या ओळीत पडला तर पाचव्या ओळीचा दुसऱ्या उभ्या ओळीत. तिसरा प्रकारच नाही. दोन्ही प्रकारात दुसऱ्या उभ्या ओळीचा ५ आणि सातव्या उभ्या ओळीचा ५ याच चार घरांतून येतो. म्हणजे या दोन उभ्या ओळीतल्या बाकी सगळ्या घरातून ५ खोडायचा.

दुसऱ्या उभ्या ओळीत आ८-उ२ आणि आ९-उ२ मधून ५ गेला. सातव्या उभ्या ओळीत आ२-उ७, आ४-उ७, आ८-उ७, आ९-उ७ मधून गेला. सहा घरं.

मोजलं आडव्या ओळीत, खोडलं उभ्या ओळीत, हे पक्कं लक्षात असू द्या. उलटंही चालतं, उभ्या ओळीत मोजायचं आणि आडव्यात खोडायचं. पण जिथं मोजलं तिथंच खोडायला गेलं तर काहीच सापडत नाही, कारण त्या ओळीत दोनच जागा होत्या म्हणून तर आपण ती घेतली. उभ्या ओळीतून मोजून पाहायचं असेल तर याच कोड्यात तिसऱ्या उभ्या ओळीत ५ला दोनच जागा आहेत, आ२ आणि आ६, सहाव्या उभ्या ओळीतही दोनच, आ४ आणि आ७. दोन-दोन आहेत पण आडव्या ओळी जुळत नाहीत, म्हणून तिथं एक्स-विंग होत नाही.

आता फसवणारा एक्स-विंग, तोही याच कोड्यात आहे. ३ धरा. सहाव्या आडव्या ओळीत ३ दोन घरात आहे, आ६-उ४ आणि आ६-उ८. सातव्या ओळीत आ७-उ४ आणि आ७-उ८ मध्ये आहे. चार कोपरे जमले असं वाटतं आणि हात लगेच आठव्या उभ्या ओळीतले ३ खोडायला जातो. पण सातव्या ओळीत आ७-उ९ मध्येही ३ आहे, तिथं २, ३, ५, ९ लिहिलेले असायला पाहिजेत. तीन जागा झाल्या, म्हणजे एक्स-विंग नाही. त्या एका घरात तुम्ही ३ लिहायचा विसरला असाल तर हा एक्स-विंग तुम्हाला अगदी खरा दिसेल, मी वर बारीक आकडे पूर्ण लिहा म्हणून जीव तोडून सांगतोय ते याच्यासाठी. म्हणून एक्स-विंग सापडला की खोडण्याआधी त्या दोन ओळीतलं प्रत्येक रिकामं घर परत तपासायचं, बारीक आकड्यांवरून नाही, थेट पक्क्या आकड्यांवरून की इथं हा आकडा बसू शकतो का. अर्धा मिनिट लागतो.

या एक्स-विंगनंतर आठव्या आडव्या ओळीकडं पाहिलं तर लगेच एक पक्का आकडा दिसतो, पण तो जरा थांबून लिहू, कारण तो लिहिला की कोडं धडाधड सुटतं आणि साखळी दाखवायला जागा उरत नाही.

साखळी

साखळीचं नाव ऐकून लोक घाबरतात पण कडी एकच आहे: "हा नसेल तर तो." दोनच आकडे असलेलं घर ही एक कडी, असं घर दुसऱ्या तशाच घराच्या ओळीत किंवा चौकोनात असलं की पुढची कडी लागते.

समजा एक्स-विंग तुम्हाला दिसलाच नव्हता. २-५च्या ज्या उघड्या जोड्या आपण "काही मिळत नाही" म्हणून सोडल्या होत्या त्या घ्या. आ२-उ३, आ६-उ३, आ५-उ२, आ५-उ७, चारही घरात फक्त २-५. आ२-उ३ आणि आ६-उ३ एका उभ्या ओळीत. आ६-उ३ आणि आ५-उ२ एका चौकोनात, चौथ्या. आ५-उ२ आणि आ५-उ७ एका आडव्या ओळीत. आता चालवून पाहा:

```
आ२-उ३=२ → आ६-उ३=५ → आ५-उ२=२ → आ५-उ७=५
आ२-उ३=५ → आ६-उ३=२ → आ५-उ२=५ → आ५-उ७=२
```

सुरुवात कशीही करा, पहिलं टोक आणि शेवटचं टोक वेगळं येतं, एकात २ आणि एकात ५. म्हणून दोन्ही टोकं ज्या घराला दिसतात, म्हणजे दोघांच्याही ओळीत किंवा चौकोनात जे घर येतं, त्यात ना २ बसेल ना ५. असं घर आ२-उ७, ते आ२-उ३च्या आडव्या ओळीत आहे आणि आ५-उ७च्या उभ्या ओळीत. त्याच्यात ३, ५, ६, ९ होते, ५ गेला. एक्स-विंगनं खोडलेल्या सहापैकी हा एक, साखळीनं वेगळ्या वाटेनं तिथंच आणलं, आणि दोन वेगळ्या कारणांनी तोच आकडा खोडला जात असेल तर आपलं बरोबर चाललंय असा भरवसा येतो.

अशा एकाच जोडीच्या साखळीत घरांची संख्या मात्र सम पाहिजे. दोन, चार, सहा. चारऐवजी तीनच घरं घेतली, आ६-उ३, आ५-उ२, आ५-उ७, तर दोन्ही टोकं सारखी येतात, दोन्ही २ किंवा दोन्ही ५. आता आ६-उ८ या घराला ही दोन्ही टोकं दिसतात, त्यात ३-५ आहेत, आणि पुतण्यानं इथंच मला विचारलं होतं, "काका, याच्यातला ५ खोडू ना मंग? दोन्ही टोकं दिसून रायली ना!" मी म्हटलं, खोडू नको, दोन्ही टोकं २ असली तर आ६-उ८ मध्ये ५ बसायला अडचण काय आहे? त्याच्याकडं उत्तर नव्हतं. या कोड्यात शेवटी तिथं ३च येतो हे खरं, पण या साखळीनं ते सिद्ध होत नाही आणि दुसऱ्या कोड्यात अशाच खोडण्यानं गाडी खड्ड्यात जाईल.

आता जरा वेगळी साखळी, जिथं घरात वेगवेगळ्या जोड्या आहेत. एक्स-विंगनंतर आ८-उ७ मध्ये २-३ राहिले. आ५-उ७ मध्ये २-५ आहेत. आ६-उ८ मध्ये ३-५. तीन घरं, तीन आकडे, प्रत्येक आकडा दोनदा. मधलं घर आ५-उ७ धरा, त्याला बाकीची दोन्ही दिसतात, आ८-उ७ उभ्या ओळीतून आणि आ६-उ८ सहाव्या चौकोनातून. मधल्यात २ आला तर आ८-उ७ मध्ये ३ येणार. मधल्यात ५ आला तर आ६-उ८ मध्ये ३ येणार. कुठूनही गेलं तरी या दोन टोकांपैकी एकात ३ नक्की. तर ही दोन्ही टोकं ज्या घरांना दिसतात तिथून ३ खोडा: आ४-उ७, आ७-उ८ आणि आ९-उ८. आ४-उ७ आ६-उ८च्या चौकोनात आहे आणि आ८-उ७च्या उभ्या ओळीत. बाकी दोन घरं आ६-उ८च्या उभ्या ओळीत आणि आ८-उ७च्या नवव्या चौकोनात. आ९-उ८ मध्ये ३, ५, ६ होते, ५-६ राहिले. याला एक्सवाय-विंग म्हणतात, आणि हाच प्रकार चार, पाच, सहा घरांपर्यंत लांबवला की एक्सवाय-चेन होते, नियम तोच, दोन्ही टोकांना एक आकडा सारखा पाहिजे आणि मधल्या प्रत्येक कडीत एकाचा आकडा दुसऱ्याला ढकलत गेला पाहिजे.

साखळी आणि अंदाज यातला फरक इथं नीट समजून घ्या, कारण वरून दोन्ही सारखेच दिसतात. अंदाजवाला एका घरात २ टाकतो आणि पुढं भरत जातो, चुकलं तर पूर्ण खोडतो. साखळीवाला काहीच भरत नाही, दोन्ही बाजूंनी चालून पाहतो आणि दोन्हीकडून जे एकच निघतं तेवढंच खोडतो. साखळी कुठून सुरू करायची म्हणाल तर दोनच आकडे असलेल्या सगळ्या घरांभोवती हलका गोल करा आणि जिथं गोल जवळजवळ पडलेत तिथून. गोलच कमी असतील, चार-पाचच, तर साखळी शोधत बसण्यात वेळ जातो, आधी परत लपलेल्या जोड्या शोधा, त्यानं गोल वाढतात. हातानं सहा-सात कड्यांच्या पुढं मी स्वतः जात नाही, लांब साखळीत एखादी कडी तपासायची राहून जाते, आणि पेपरातल्या कोड्याला तेवढी लांब सहसा लागतही नाही.

आता आकडे भरा

आठव्या आडव्या ओळीत तीन घरं रिकामी: आ८-उ२, आ८-उ५, आ८-उ७. एक्स-विंगनं दोन टोकांच्या घरातून ५ काढला, दोन्हीत २-३ राहिले. ५ला जागा उरली एकच, आ८-उ५. लिहा ५, पेननं लिहिला तरी चालेल.

इथून पुढं एकामागून एक येतात. आ१-उ५ मध्ये २-५ होते, तिथं २. आ७-उ६ त्याच चौकोनात, २-५ मधून ५ गेला, २. मग आ७-उ४ मध्ये ३. आ७-उ६ मध्ये २ आल्यामुळं आ४-उ६ मध्ये ५, आ४-उ५ मध्ये ३ आणि आ६-उ४ मध्ये २. सहाव्या ओळीत २ आला म्हणून आ६-उ३ मध्ये ५ आणि आ६-उ८ मध्ये ३. तिथून साखळीतली घरं उलगडतात, आ२-उ३ मध्ये २, आ५-उ२ मध्ये २, आ५-उ७ मध्ये ५, एक्स-विंगच्या चार कोपऱ्यांपैकी ५ आ३-उ२ आणि आ५-उ७ मध्ये पडला. १-९ची लपलेली जोडी सगळ्यात शेवटी सुटते, आ१-उ९ मध्ये ५ आला की आ१-उ२ मध्ये ९ आणि आ२-उ२ मध्ये १.

भरताना एखाद्या घरात एकही आकडा बसेना, किंवा एका ओळीत एखाद्या आकड्याला जागाच उरली नाही, तर चूक त्या घरात नसते, मागं कुठंतरी खोडताना झालेली असते. त्यासाठी प्रत्येक मोठ्या खोडण्याआधी मोबाईलनं पानाचा फोटो काढून ठेवा, म्हणजे पूर्ण पान खोडायची गरज पडत नाही, शेवटच्या बरोबर फोटोपर्यंत मागं यायचं आणि त्यानंतरचं प्रत्येक खोडणं परत तपासायचं. बहुतेक वेळा न लिहिलेला एखादा बारीक आकडा सापडतो, नाहीतर एकाच जोडीची विषम घरांची साखळी.

तुमचं पान याच्याशी जुळवून पाहा:

```
३ ९ ४ | १ २ ६ | ८ ७ ५
६ १ २ | ५ ८ ७ | ९ ४ ३
८ ५ ७ | ९ ४ ३ | ६ २ १
------+-------+------
१ ८ ६ | ४ ३ ५ | ७ ९ २
४ २ ३ | ७ ६ ९ | ५ १ ८
९ ७ ५ | २ १ ८ | ४ ३ ६
------+-------+------
५ ४ ८ | ३ ७ २ | १ ६ ९
७ ३ ९ | ६ ५ १ | २ ८ ४
२ ६ १ | ८ ९ ४ | ३ ५ ७
```

जुळलं असेल तर कोडं परत कोरं उतरवा आणि या वेळी एक्स-विंगला हात न लावता फक्त लपलेली जोडी आणि २-५च्या साखळीवर कुठवर जाता येतं ते पाहा. मग ३ धरून, ९ धरून प्रत्येक ओळीत किती जागा आहेत ते मोजा, सातव्या उभ्या ओळीत ९ला दोनच जागा निघतात, आठव्यातही दोनच, पण आडव्या ओळी जुळतात का ते तुम्हीच तपासा.